हजाराआधीचं शून्य

आमच्या ऑफिसात शब्दांवरून कधी भांडणं होत नाहीत. ती होतात आकड्यांवरून. शब्द थोडा इकडेतिकडे झाला तरी वाचणारा समजून घेतो. आकडा इकडेतिकडे झाला तर वाचणाऱ्याला कळतही नाही, तो सरळ पैसे मोजून मोकळा होतो.

ऑफिस म्हणजे बाथरूमच्या फरशा विकणाऱ्या दुकानाच्या वरच्या दोन खोल्या. एकीत मी, दुसरीत फूटपट्टी. परदेशी दरपत्रकं, बिलं, माल पाठवल्याच्या याद्या असले रुक्ष कागद आम्ही भाषांतर करून देतो. फूटपट्टी हे अर्थातच त्यांचं खरं नाव नाही. इंचाचे मिलिमीटर आणि गॅलनचे लिटर करताना हा माणूस दशांशाच्या तिसऱ्या स्थळापर्यंत जातो आणि तिथे थांबतानासुद्धा त्याला वाईट वाटतं, म्हणून मी ते ठेवलं. मला तोंडाला येईल ते बोलायची सवय आहे. त्यांना ऐकून घ्यायची आहे. अशी आमची भागीदारी नऊ वर्षं टिकली आहे.

कामाची पद्धत साधी. एकाने भाषांतर करायचं, दुसऱ्याने तपासायचं. तारीख आकड्यांत ठेवायची नाही, महिन्याचं नाव अक्षरात लिहायचं. आणि तपासणाऱ्याने प्रत्येक ओळीचा गुणाकार करायचा: नग गुणिले दर, उत्तर रकमेशी जुळलं पाहिजे. या गुणाकाराने आम्हाला कितीदा वाचवलंय याची गणती नाही. त्यामुळे त्याच्यावर माझा देवासारखा विश्वास होता.

एप्रिल संपता संपता मामा आला. हा माझा सख्खा मामा. त्याचा खिडक्या बनवायचा कारखाना आहे, ॲल्युमिनियमच्या. आल्या आल्या त्याने दोन पानी दरपत्रक माझ्या टेबलावर आपटलं.

"फटाकडे, एवढं वाचून दे. आणि घरची आहेस, तेव्हा बिल लावू नकोस."

"घरची आहे म्हणूनच दुप्पट लावणार आहे. काय आहे हे?"

तो खुर्चीत बसला आणि सांगायला लागला. गावात नवं हॉस्पिटल उभं राहत होतं. त्याच्या सगळ्या खिडक्यांसाठी बंद पाकिटात बोली मागवली होती. मामाला ते काम हवं होतं. इतकं हवं होतं की त्याने अनामत भरण्यासाठी कारखान्याची जागा बँकेकडे तारण ठेवली होती. पाकीट एकदा उघडलं की भाव पक्का. मग माल महाग पडो नाहीतर आकाश कोसळो, त्याच भावात खिडक्या बसवून द्यायच्या. खिडक्यांना लागणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचे इथले व्यापारी सांगत होते त्या दराने त्याची बोली जेमतेम तगली असती. मग कुणीतरी त्याला समुद्रापलीकडच्या एका व्यापाऱ्याचा पत्ता दिला आणि हे दरपत्रक आलं. भाषा त्याला येत नव्हती. आकडे मात्र आपल्या ओळखीचेच होते, एक-दोन-तीनवाले.

"हे बघ," त्याने पहिल्या ओळीवर जाड बोट ठेवलं, "बाहेरची चौकट, मीटरला सव्वा. सव्वा काय ते तू सांग."

मी पाहिलं. १.२५० लिहिलं होतं. मी हसले. माझ्या मागून फूटपट्टीही हसले, आणि ते वर्षातून एखाद्या वेळीच हसतात.

"काका, ते सव्वा नाही," ते नम्रपणे म्हणाले. "ते टिंब हजाराचं आहे. बाराशे पन्नास."

"टिंब हजाराचं? टिंबाच्या पुढे तर पैसे असतात ना?"

"आपल्याकडे. बऱ्याच देशांत उलटं असतं. हजारानंतर टिंब आणि पैशांच्या आधी स्वल्पविराम. टिंबापुढे तीन आकडे दिसले की समजायचं हजार. पैसे असते तर दोनच आकडे असते."

"बरं बाबा," मामा म्हणाला. "तुम्ही शिकलेली माणसं."

ती भाषा फूटपट्टींना चांगली येते, मला कामापुरती. भाषांतर त्यांनी केलं, तपासलं मी. तारखेवर जरा घोळ होता तो आम्ही नीट सोडवला. दर '१०/०५' पर्यंत लागू होते. म्हणजे दहा मे की पाच ऑक्टोबर? वरच्या कोपऱ्यात पत्रकाची तारीख होती '२८/०४'. अठ्ठाविसावा महिना अजून कुठल्या पंचांगात निघालेला नाही, म्हणजे या कागदात दिवस आधी, महिना नंतर. फूटपट्टींनी लिहिलं, दहा मे. मला असली कोडी सुटली की पोटभर जेवल्यासारखं वाटतं.

मग चलन. कागदावर फक्त 'दिनार' होतं. आता दिनार या नावाचं चलन एकाच देशात नाही, अनेक देशांत चालतं, आणि त्यांच्या किमतींत जमीन-अस्मानाचा फरक. खाली व्यापाऱ्याच्या तीन शाखांचे पत्ते होते, तीन वेगळ्या देशांतले. त्यातल्या दोन ठिकाणी दिनार चालत होता, एक महागडा आणि एक स्वस्त.

"महागडा असणं शक्य नाही," फूटपट्टी म्हणाले. "त्या हिशेबाने मीटरभर पट्टीला बाराशे पन्नास म्हणजे एक लहान मोटार येईल. स्वस्त दिनार धरला की भाव बसतो."

बरोबर होतं. मी मान डोलावली आणि गुणाकार केले. चौकट: कमीत कमी दोनशे मीटर घ्यायची, दर १२५०, रक्कम २,५०,०००. जुळलं. काच धरून ठेवणारी छोटी पट्टी: तीनशे मीटर, दर ७५०, रक्कम २,२५,०००. जुळलं. सगळ्या ओळी जुळल्या. मी शेवटी सही केली आणि कागद मामाला पाठवून दिला.

त्याचा तासाभरात फोन आला. आवाज असा, की घरात पाळणा हलणार असावा.

"अगं, इथल्या भावाच्या पाव भावात पडतंय! भाडं, जकात सगळं धरून निम्म्यात!"

त्याच्या आनंदाने मलाही आनंद झाला. मामाला लहान पोरासारखं खूश झालेलं मी फार दिवसांनी ऐकत होते.

पुढच्याच आठवड्यात मी त्याच्या कारखान्यात गेले. काम काही नव्हतं. पण ज्या वस्तूचं नाव मी कागदावर दहादा वाचलं ती प्रत्यक्ष बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. काच धरणारी पट्टी म्हणजे नक्की काय, ती कुठून बसते, कशाने निघते? फूटपट्टी म्हणतात की हा रोग आहे. असेल.

कारखान्यात करवतीचा कानठळ्या बसवणारा आवाज होता आणि जमिनीवर, टेबलावर, मामाच्या भुवयांवर ॲल्युमिनियमचा चमचमता भुगा. मामाने मला पट्टी दाखवली. बोटाएवढी रुंद, एका कडेला खाच. त्याने अंगठ्याने ती चौकटीत दाबली, टच्च आवाज झाला आणि काच घट्ट बसली. मग मी दाबून पाहिली. मला जमलं नाही, त्याने माझी थट्टा केली आणि मी भडकले. एकूण भेट झकास चालली होती.

दाराशी भंगारवाला आला होता. कापाकापीत उरलेले तुकडे एका पिंपात साठवलेले असतात, ते तो काट्याला टांगून मोजत होता. मामा त्याच्याशी हुज्जत घालत होता.

"किलोला एवढंच? मागल्या खेपेला जास्त दिलं होतंस."

"मागल्या खेपेला बाजार चढा होता, शेठ. आज एवढाच. नको असेल तर राहू द्या, गंजत तर नाही ते."

मामाने थोडं वाढवून घेतलं आणि सौदा झाला. मी नुसती उभी होते. पण माझं डोकं कधीच नुसतं उभं राहत नाही. भंगाराचा दर किलोवर होता. आपल्या दरपत्रकातला मीटरवर. वजनाचाही रकाना होता त्यात: चौकट, मीटरला नऊशे ग्रॅम. म्हणजे एका मीटरचा भाव जवळपास एका किलोचा भाव. सहज गंमत म्हणून मी स्वस्त दिनाराने त्याची किंमत काढली.

ती भंगारवाल्याच्या दरापेक्षा कमी आली.

मी पुन्हा काढली. मोबाईलवर काढली. तेच उत्तर. नवी कोरी, रंग दिलेली, कारखान्यातून निघालेली पट्टी इथल्या तुटक्या तुकड्यांपेक्षा स्वस्त! मग तो व्यापारी वेडा म्हणायचा की काय? त्याने त्या पट्ट्या मोडून भंगारात घातल्या तरी त्याला जास्त मिळतील.

"मामा, तुझं पाकीट कुठे आहे?"

"कुठलं? हॉस्पिटलचं? सकाळीच पेटीत टाकून आलो. चारला पेटी बंद होते."

"भाव कुठला धरलास?"

"तू दिलेला. दुसरा कुठला धरणार?"

मी त्याला भंगाराचं सांगितलं. तो हसला. "अगं, त्यांच्याकडे मोठाले कारखाने असतात, वीज स्वस्त असते. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन! तू कशाला देवाचा हिशेब तपासतेस?"

पण हसताना त्याने त्या पिंपाकडे पाहिलं, आणि मग हसू जरा लवकरच संपलं. चाळीस वर्षं हा माणूस ॲल्युमिनियम हाताळत होता. धातूपेक्षा वस्तू स्वस्त असू शकत नाही हे त्याला कुणी शिकवायला नको होतं.

"तू चार वाजेपर्यंत कुठे जाऊ नकोस," मी म्हटलं आणि रिक्षा पकडली.

फूटपट्टी डबा खात होते. मी त्यांच्या हातातला चमचा खाली ठेवायला लावला.

"मूळ कागद काढा. मामाचा."

"त्यात काय झालं? गुणाकार तर तुम्हीच केले होते."

"केले होते आणि जुळले होते. पण भाव भंगाराच्या खाली येतोय. काढा तुम्ही कागद."

भाषांतर मी वरून खाली तपासलं होतं. आता मूळ कागद घेऊन खालून वर गेले. शेवटच्या ओळी, मग अटी, मग काच धरणारी पट्टी. तिथे माझं बोट थांबलं.

०.७५०.

"अहो," मी म्हटलं, "आपल्या भाषांतरात इथे सातशे पन्नास आहे."

"हो."

"मग हे आधीचं शून्य कुठे गेलं?"

"ते मी काढलं," ते जरा अभिमानानेच म्हणाले. "वरच्या ओळींत टिंबाआधी एक आकडा आहे ना, म्हणून रकाना सारखा दिसावा यासाठी त्यांनी शून्य भरलं असणार. मालाच्या क्रमांकांत भरतात तसं. सातशे पन्नासच्या आधी शून्य आपल्या वाचकाला विचित्र वाटलं असतं."

"त्यांना तरी विचित्र वाटणार नाही का? हजाराच्या आकड्याआधी शून्य लिहिणारा माणूस तुम्ही जन्मात पाहिलाय?"

फूटपट्टींनी कागद हातात घेतला. त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. मला त्यांची दया आली, आणि माझी त्याहून जास्त.

"म्हणजे टिंब दशांशाचंच आहे," ते पुटपुटले. "पण मग तीन आकडे का? पैशांना दोनच..."

"महागडा दिनार," मी म्हटलं. "त्याचे शंभर भाग होतात की हजार?"

त्यांनी कॉम्प्युटरवर पाहिलं. खरं तर पाहायची गरज नव्हती, कधीतरी दोघांनीही वाचलेलं होतं. त्या दिनाराचे हजार फिल्स होतात. म्हणून त्याचे भाव टिंबापुढे तीन आकड्यांनी लिहितात. १.२५० म्हणजे एक दिनार आणि अडीचशे फिल्स.

सव्वा. मामाने पहिल्याच दिवशी म्हटलं होतं ते सव्वा, आणि आम्ही दोघं त्याला हसलो होतो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, आणि इथे तर दोन शहाणे होते आणि बैल मामाचा होता.

"पण गुणाकार?" फूटपट्टींना तेच खटकत होतं. "गुणाकार कसा जुळला?"

तेवढं मला त्या कागदाकडे बघता बघता उमगलं. दोनशे गुणिले सव्वा म्हणजे अडीचशे, आणि त्यांनी लिहिलं होतं २५०.०००. दोनशे गुणिले बाराशे पन्नास म्हणजे अडीच लाख, आणि तेही २५०.०००च दिसतं. दर हजारपट झाला की रक्कमही हजारपट होते. दोन्ही वाचनांत गुणाकार तितकाच गोड जुळतो. माझा देव चूक पकडत होता तो फक्त एकाच आकड्याची. सगळे आकडे एकदम चुकले की तो मुकाट बसत होता. एखादी रक्कम हजाराच्या वर गेली असती तर तिच्यात स्वल्पविराम आणि टिंब दोन्ही आले असते आणि कुठला कशाचा हे लगेच कळलं असतं. पण त्या कागदावर बेरीजच नव्हती.

आणि चलन? ते तर आम्ही अक्कल वापरून चुकवलं होतं. आधी भाव हजारपट केला, मग तो महागड्या दिनारात बसेना म्हणून स्वस्त दिनार शोधला. एका चुकीला दुसरी चूक टेकू देऊन उभी राहिली, आणि दोन्ही मिळून भाव असा बसला की कुणाला संशय येऊ नये. खरा भाव त्याच्या चौपटीहून जास्त होता. इथल्या भावाइतकाच जवळपास, वर भाडं आणि जकात वेगळी.

"मला असं सुचलंच कसं?" फूटपट्टी म्हणाले.

"गेले चार महिने आपण टिंब-हजारवाल्यांचेच कागद करतोय. डोळ्यांना तीच सवय लागली. नव्या माणसाला सुचलं नसतं. चला, आता व्यापाऱ्याला लिहा. विचारा, चौकटीचा आणि काचपट्टीचा दर अक्षरात कळवा. आणि कुठल्या देशाचा दिनार ते देशाच्या नावासकट कळवा. अक्षरात म्हणजे अक्षरात, आकडा नको."

त्यांनी निरोप पाठवला, मग फोन केला. फोन वाजत राहिला. तिकडे बहुधा जेवणाची वेळ होती. मी कागद पर्समध्ये कोंबला आणि जिना उतरले.

वाटेत फोन करून बोलावलेला मामा मला हॉस्पिटलच्या जुन्या इमारतीपाशी भेटला. बोलीची पेटी तिथल्या कार्यालयात होती, लाकडी, वर फट आणि कडीला कुलूप. पेटीशेजारी एक कारकून बसला होता, चष्मा कपाळावर चढवलेला. मी विचारलं, टाकलेलं पाकीट परत घेता येतं का.

"पेटी बंद व्हायच्या आधी येतं," तो म्हणाला. "लेखी अर्ज द्यायचा. नवं पाकीट टाकायचं तर तेही त्याच वेळेत. चार वाजले की मग मीसुद्धा हात लावू शकत नाही."

भिंतीवरच्या घड्याळात अजून वेळ होता, पण फार नव्हता. मामा मला बाजूला घेऊन गेला. कॉरिडॉरमध्ये बाकावर एक बाई बाळाला थोपटत होती. मामाने आवाज खाली आणला.

"व्यापाऱ्याने सांगितलं का तसं?"

"अजून उत्तर नाही."

"म्हणजे तुला नक्की माहीत नाही."

"मला माहीत आहे. पण त्याने म्हटलेलं नाही."

त्याने घड्याळाकडे पाहिलं. मला त्याच्या मनातलं सगळं दिसत होतं. पाकीट ठेवलं आणि मी बरोबर असले तर काम मिळेल आणि कारखाना जाईल. पाकीट काढलं आणि मी चूक असले तर आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम माझ्या एका शंकेपायी हातचं जाईल. मला खूप भीती वाटली. एका आठवड्यात या माणसाला मी दोनदा वेगवेगळं सांगत होते, आणि पहिल्या वेळीही इतक्याच खात्रीने सांगितलं होतं.

"मामा, मी तुला सांगते तसं करू नकोस," मी म्हटलं. "तू स्वतः बघ. मागल्या वेळी तू बघितलंस आणि आम्ही तुला बघू दिलं नाही."

मी मूळ कागद त्याच्या हातात दिला आणि काचपट्टीच्या ओळीवर बोट ठेवलं. त्याने चष्मा लावला. कागद लांब धरला, मग जवळ आणला.

"शून्य टिंब सातशे पन्नास," तो म्हणाला.

"हे हजारांत कसं वाचशील?"

त्याने ओठ हलवून पाहिलं. शून्य हजार सातशे पन्नास. मान हलवली.

"असं कोण लिहील? हे पाऊण आहे गं. पाऊण." मग त्याचं बोट आपोआप वर सरकलं, चौकटीच्या ओळीवर. "आणि हे सव्वा."

"हो."

"मी म्हणालो होतो सव्वा."

"म्हणाला होतास."

मला वाटलं आता ऐकवेल. ऐकवायलाच हवं होतं. पण तो कारकुनाकडे वळला आणि म्हणाला, "साहेब, एक कोरा कागद द्या. पाकीट काढून घ्यायचंय."

अर्ज मी लिहिला, सही त्याने केली. कारकुनाने पेटी उघडली, गठ्ठ्यातून मामाचं पाकीट शोधून काढलं, वहीत नोंद केली. मामाने ते न फोडताच दोन तुकडे करून खिशात घातलं. मग आतल्या खिशातून एक चुरगळलेला कागद काढला. इथल्या व्यापाऱ्यांच्या भावाने काढलेला त्याचा आधीचा हिशेब होता तो, दरपत्रक यायच्या आधीचा.

"हाच टाकतो," तो म्हणाला. "मिळालं तर मिळालं. निदान मिळालं तर करता तरी येईल."

कारकुनाने छापील फॉर्म पुढे केला. "रक्कम अंकांत लिहा आणि खाली अक्षरांत. दोन्हींत फरक पडला तर अक्षरं धरली जातात."

मामाने पेन उचललं आणि थांबला. मग त्याने अंकांची चौकट तशीच मोकळी सोडली आणि आधी अक्षरांची भरली. सावकाश, एकेक अक्षर सुटं, पहिलीतल्या मुलासारखं. मग मला वाचून दाखवलं. मग अंक लिहिले. मग मला अंकही वाचायला लावले. पाकीट चिकटवून त्याने फटीतून आत सोडलं आणि क्षणभर हात तसाच पेटीवर ठेवला.

बाहेर आलो तेव्हा पायऱ्यांवर ऊन होतं. मामा मधल्याच पायरीवर बसला. एवढ्या मोठ्या माणसाला असं भर उन्हात पायरीवर बसलेलं पाहून मला रडू फुटलं. माझं असंच आहे, राग आणि रडू एकाच नळातून येतात.

"माझ्यामुळे झालं सगळं," मी म्हटलं. "सही माझी होती."

"गप गं. मीही कुठे विचार केला? पाव भाव दिसला आणि मी नाचायला लागलो. माझ्याच दारात रोज भंगार मोजलं जातं." त्याने भुवईवरचा भुगा पुसला. "त्या तुझ्या फूटपट्टीला रागवू नकोस. त्याला आधीच झोप लागणार नाही आज."

तेवढ्यात पर्समध्ये फोन वाजला. फूटपट्टींनी व्यापाऱ्याचं उत्तर भाषांतर करून पाठवलं होतं, त्यांच्या नेहमीच्या पद्धतीने, एक शब्दही न गाळता. वर देशाचं नाव होतं, महागड्या दिनाराचं. खाली दोन ओळी. चौकट: एक दिनार दोनशे पन्नास फिल्स. काच धरणारी पट्टी: सातशे पन्नास फिल्स.

मी ते मामाला मोठ्याने वाचून दाखवलं. त्याने डोळे मिटून ऐकलं.

"चारचा ठोका झाला का?" त्याने विचारलं.

"झाला."

"म्हणजे या उत्तराची वाट बघत बसलो असतो तर पाकीट पेटीतच राहिलं असतं."

"हो."

त्याने लांब श्वास सोडला, माझ्या खांद्यावर हात टाकला आणि उठताना सगळा भार माझ्यावरच दिला. त्या अंगाचं वजन काय असेल, किलोत की पौंडात, याचा हिशेब त्या क्षणी मला करावासा वाटला नाही.

"चल," तो म्हणाला. "पुढल्या वेळी मला काही वाचून दाखवलंस ना, तर आधी मला विचार, मला काय दिसतंय."

"विचारीन."

"आणि बिल लाव. घरची म्हणून फुकट घेतलं, ते फार महाग पडत होतं."